खाडा पडला म्हणून रतीब पुसत नाहीत : ठाणे-नवी मुंबईतल्या क्लासचालकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे क्लास चालवणारे सर-मॅडम, तसेच अभ्यासिकांचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

येत्या जूनच्या बॅचसाठी तुमच्यापैकी काही जण स्वतःच्या क्लासचं अ‍ॅप करून घेत आहेत. रोज अभ्यास केला की पॉइंट, सलग दिवस झाले की स्ट्रीकचा आकडा, त्याच्या शेजारी पेटलेली ज्वाळा, शंभर दिवसांना बॅज. अ‍ॅप करून देणारी मंडळी डेमोत हे सगळं झकास दाखवतात. फक्त एक प्रसंग डेमोत कधी येत नाही, तो म्हणजे स्ट्रीक तुटते तो दिवस. हे पत्र मुख्यतः त्या एका दिवसाबद्दल आहे. आम्ही अशा अ‍ॅपमधल्या हिशेबाचे नियम लिहितो आणि तपासतो. कोटेशनवर सही करण्याआधी आमचं म्हणणं वाचावं, एवढी विनंती.

घरी दुधाचा रतीब असतो तेव्हा हिशेब कसा होतो ते आठवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडे मांडलेले असतात. महिना संपला की तीस दिवसांतून खाडे वजा, उरलेल्या दिवसांचे पैसे. मधे एक दिवस दूध आलं नाही म्हणून आधीचे बावीस दिवस कुणी खोडत नाही. आणि गावाला जायचं असेल तर ‘उद्यापासून आठ दिवस दूध नको’ असं आदल्या दिवशी सांगून ठेवलं की त्या खाड्यावरून वादही होत नाही. स्ट्रीकचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. एक खाडा पडला की मागचे सगळे दिवस शून्य.

आता हे एका मुलीच्या बाबतीत मांडून बघू. धरा, कळव्याची बारावी सायन्सची मुलगी. ११ जुलैला अ‍ॅपवर अभ्यास सुरू केला, एकही दिवस चुकवला नाही. ११ सप्टेंबरच्या रात्री आकडा झाला ६३. दुसऱ्या दिवशी घरचे सगळे गौरी-गणपतीला कोकणात गावी निघाले, सात दिवसांसाठी. घरात पाहुणे, आरत्या, मोदकांचा घाणा, आणि मोबाइलला रेंज अंगणातल्या एका कोपऱ्यात. तुमच्या अ‍ॅपमध्ये दोन ‘फ्रीझ’ आहेत. डुओलिंगोमुळे ही सोय आता मुलांच्या ओळखीची आहे : एखादा दिवस चुकला तर फ्रीझ खर्ची पडतो आणि स्ट्रीक वाचते. म्हणजे पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी आकडा शून्य.

१९ तारखेला ती परत येऊन अ‍ॅप उघडते. विझलेली ज्वाळा, ०. पुन्हा ६३ गाठायचे तर एकही दिवस न चुकवता २० नोव्हेंबर उजाडणार. मधे दिवाळी आहेच. पोरगी हिशेबात कच्ची नाही, तिला हे अर्ध्या मिनिटात कळतं. इथे दोनच गोष्टी घडतात. एक तर ती अ‍ॅप बंद करते, आणि अ‍ॅपला बांधलेला रोजचा अभ्यासही त्याच्यासोबत सुटतो, कारण ‘आता गेलीच आहे तर जाऊ दे’. नाहीतर पुढच्या सणाला ती अंगणाच्या त्या कोपऱ्यात जाऊन चाळीस सेकंदांत पाच एमसीक्यू न वाचता टिचकावते आणि स्ट्रीक वाचवते. तुमच्या डॅशबोर्डवर दुसरी मुलगी ‘नियमित’ दिसते, पहिली ‘गळालेली’. अभ्यास त्या दिवशी दोघींचाही झालेला नाही.

असं का होतं याचं कारण जुनं आहे. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचा चटका माणसाला जास्त बसतो. स्ट्रीक चालते ती याच चटक्यावर. आकडा ४ असतो तेव्हा उद्या ५ करायची मजा असते. आकडा ६३ झाला की ६४ ची मजा उरत नाही, ० ची भीती उरते. त्यामुळे आकडा जेवढा मोठा, तेवढा तुटल्यावरचा आपटा मोठा. अ‍ॅप करणाऱ्याला मोठे आकडे हवे असतात, कारण ते सादरीकरणात छान दिसतात. तुम्हाला नेमकं त्यांचंच भय वाटायला हवं.

‘पण एक दिवस सोडला की सवय मोडते’ हे वाक्य आपण सगळेच वर्गात म्हणतो. मोजून पाहिलं तर ते तितकं खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या एकेका नव्या सवयीचा मागोवा घेतला. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मधे एखादी संधी चुकली तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे खाड्याने सवय मोडत नाही. खाड्यावर अ‍ॅपने दिलेल्या शिक्षेने ती मोडू शकते.

मग मोजायचं कसं? आमची सूचना अशी की दिवसांची साखळी मोजू नका, आठवडा मोजा. सोमवार ते रविवार, सातपैकी पाच दिवस अभ्यास झाला तर तो आठवडा पूर्ण. दोन खाडे प्रत्येकाला हक्काचे, कारण विचारायचं नाही. जुलैत लोकल बंद पडल्या, घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले, एक खाडा गेला, विषय संपला. त्याशिवाय एक ‘सुट्टी सांगून ठेवा’ बटण असावं. निघण्याआधी तारखा टाकल्या की ते दिवस हिशेबातून बाहेर, रतिबासारखे. आठवड्यातले तीन किंवा जास्त दिवस सुट्टीत गेले तर तो आठवडा मोजायचाच नाही. आमच्या उदाहरणातली मुलगी परत येते तेव्हा तिला दिसेल : ‘एकूण ६३ दिवस. हा आठवडा आजपासून.’ एकूण दिवसांचा आकडा कधीच कमी होत नाही, वाढतोच.

यातही एक खड्डा आहे, तो आधीच बुजवून घ्या. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन खाडे पडले तर उरलेले चारही दिवस अभ्यास करून पाच होत नाहीत. म्हणजे बुधवारी रात्रीच आठवडा मेला, आणि गुरुवार ते रविवार पुन्हा ‘जाऊ दे’. म्हणून दोन पायऱ्या हव्यात : पाच दिवसांना पूर्ण आठवडा, तीन दिवसांना अर्धा. बुधवारी रात्री रिकाम्या हाताने बसलेल्या मुलापुढेही मग गाठण्यासारखं काहीतरी उरतं.

काही जण तुम्हाला याऐवजी ‘गेल्या ३० दिवसांत किती’ असा सरकता आकडा सुचवतील. ऐकायला तो सौम्य वाटतो, पण गणित करून बघा. मुलगी परत आली तेव्हा गेल्या तीस दिवसांत २३ दिवस अभ्यास, ७ खाडे. ती आज अभ्यास करते. नवा एक दिवस आत आला, पण तीस दिवसांपूर्वीचा एक अभ्यासाचा दिवस मागून बाहेर पडला. आकडा २३. उद्याही २३. खाड्यांचे दिवस खिडकीबाहेर पडू लागेपर्यंत, म्हणजे सलग २३ दिवस, ती रोज अभ्यास करते आणि आकडा हलत नाही. जिला परत आल्यावर सगळ्यात जास्त उभारी हवी, तिलाच अ‍ॅप तीन आठवडे काही देत नाही. आठवडा दर सोमवारी कोरा होतो, म्हणून आम्हाला तो बरा वाटतो.

‘अभ्यासाचा दिवस’ म्हणजे किती, हाही प्रश्न आहे. उंबरठा एका तासाचा ठेवलात तर प्रॅक्टिकलच्या आठवड्यात सगळ्यांचेच खाडे पडतील. एका प्रश्नाचा ठेवलात तर तो फसवण्यासाठीच ठेवल्यासारखा आहे. आमच्या मते दहा ते पंधरा मिनिटं ठीक, आणि ती सलगच हवीत असा आग्रह नको. ठाणे-वाशी लोकलमध्ये सहा मिनिटं आणि घरी आठ मिनिटं झाली तरी दिवस भरला पाहिजे.

आता एक तांत्रिक बाब. ती तुमच्या कामाची नाही असं वाटेल, पण पालकांचे फोन येतात ते बहुतेक हिच्यापायी. दिवस कधी बदलतो? सर्व्हर सहसा जागतिक वेळेवर चालतो, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. नियम लिहिणाऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही तर अ‍ॅपचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. पहाटे अभ्यास करणारा एक मुलगा घ्या. सोमवारी तो ५:४५ ला बसला, मंगळवारी ५:१० ला, बुधवारी ५:४० ला. तिन्ही दिवस अभ्यास झाला. पण मंगळवारची ५:१० सर्व्हरच्या लेखी सोमवारचे २३:४० आहेत. सोमवार दोनदा मोजला गेला, मंगळवार कोरा राहिला, स्ट्रीक तुटली. पोरगा खरं बोलतोय आणि अ‍ॅप त्याला खोटं पाडतंय. असं एकदा झालं की त्या आकड्यावरचा विश्वास परत मिळवणं कठीण.

भारतीय वेळ लावली तरी रात्री बाराला दिवस बदलणं मुलांच्या घड्याळाशी जुळत नाही. साडेअकराला बसून पाऊणला उठणाऱ्या मुलासाठी तो सगळा ‘आज’च असतो. अँकी या फ्लॅशकार्डच्या प्रोग्राममध्ये नवा दिवस मुळातच पहाटे चारला सुरू होतो. आपल्याकडे चारला उठून बसणारी मुलं आहेत, म्हणून आम्ही तीन वाजताची सीमा सुचवतो. हा नियम लिहायला इतकाच लागतो, करून देणाऱ्यांना दाखवा :

```python
from datetime import timedelta
from zoneinfo import ZoneInfo

def study_day(t):
    ist = t.astimezone(ZoneInfo("Asia/Kolkata"))
    return (ist - timedelta(hours=3)).date()
```

रेंज नसताना केलेला अभ्यास हा याचाच भाऊ. मुलाने गावात अभ्यास केला, तो फोनमध्ये साठला, दोन दिवसांनी नेट मिळाल्यावर सर्व्हरला पोचला. पोचल्याची वेळ धरली तर दोन खाडे. फोनवरच्या तारखेवर डोळे झाकून भरवसा ठेवला तर सेटिंगमध्ये तारीख मागे नेऊन जुने खाडे भरणं सातवीतल्या पोरालाही जमतं. मधला मार्ग असा : अँड्रॉइडमध्ये `SystemClock.elapsedRealtime()` हे फोन चालू झाल्यापासूनचा वेळ मोजणारं घड्याळ आहे आणि तारीख बदलल्याने ते हलत नाही. अभ्यासाच्या वेळी त्याचीही नोंद ठेवायची, आणि नेट आल्यावर त्यावरून खरी वेळ मागे मोजत काढायची. मधे फोन बंद करून चालू केला असेल तर ही साखळी तुटते. अशा वेळी मुलाचं म्हणणं मान्य करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार जण फसवतील, पण चाळीस जण खरे असतील.

आता पॉइंटांकडे. स्ट्रीकने मूल रोज अ‍ॅपपर्यंत येतं, पण आल्यावर ते काय करतं ते पॉइंट ठरवतात. नेहमीचा नियम म्हणजे सुटलेल्या प्रत्येक एमसीक्यूला १० पॉइंट. सराव झालेल्या मुलाला सोपा एमसीक्यू आठ सेकंदांत सुटतो. पंचवीस मिनिटांत असे १८७ होतात, म्हणजे १८७० पॉइंट. त्याच पंचवीस मिनिटांत दुसऱ्या मुलाने वहीवर भौतिकशास्त्राचं एक डेरिव्हेशन पुस्तक मिटून पूर्ण केलं, दोनदा अडकला, तिसऱ्यांदा जमलं. त्याला मिळाले शून्य पॉइंट, कारण वही अ‍ॅपला दिसत नाही. महिन्याभरात वर्गातला प्रत्येक जण हा भाव शिकतो. तुम्ही वर्गात डेरिव्हेशनचं महत्त्व सांगत राहता आणि अ‍ॅप रोज रात्री सांगतं की त्याची किंमत शून्य आहे.

चुकीच्या उत्तराला पॉइंट कापण्याचा उपाय हटकून सुचवला जातो. त्याने मुलं अवघड धडा उघडायचंच सोडतात आणि दोन महिन्यांपूर्वी पक्का झालेला धडा पुन्हा पुन्हा सोडवतात. बरोबर उत्तरांचं प्रमाण चढत जातं, तुम्हाला प्रगती दिसते, आणि टर्मिनलच्या पेपरात ती कुठे गेली ते कळत नाही.

आम्हाला पटलेला नियम वेगळा आहे. प्रश्न पहिल्यांदा सोडवण्याला पॉइंटच नाहीत. चुकलेला प्रश्न ‘चुकांच्या वहीत’ जातो, तीन दिवसांनी पुन्हा समोर येतो, आणि तेव्हा तो बरोबर आला तर पॉइंट. पुढे दहा दिवसांनी पुन्हा बरोबर आला तर त्याहून जास्त. यात चूक झाल्यावर मूल घाबरत नाही, कारण चुकेतूनच पुढची कमाई आहे. विसरण्याच्या बेतात असताना आठवायला लावणं हाच पाठ होण्याचा खरा मार्ग, आणि पॉइंट तिथेच ठेवले जातात. पॉइंटांसाठी मुद्दाम चुका करणारे निघतील, म्हणून दिवसाला अशा वीसच प्रश्नांचे पॉइंट द्यायचे. वीस झाले की अ‍ॅपने सांगावं, ‘आजचं झालं, आता वही उघड.’ अ‍ॅपवर मूल जास्त वेळ बसावं असं तुम्हाला वाटत असेल तर हा नियम आवडणार नाही. पण मग अ‍ॅप नक्की कशासाठी हवंय, तेही एकदा ठरवा.

वहीच्या कामाचे फोटो मागवून पॉइंट देऊ नका. आठवड्याभरात एकाच वहीचे सहा फोटो येतील आणि ते तपासायला तुम्हाला माणूस ठेवावा लागेल. वहीवर सरांची सही पुरेशी आहे, तिची किंमत मुलांना पॉइंटांहून जास्त वाटते.

पॉइंटांना पैशाशी तर अजिबात जोडू नका. फीमध्ये सवलत, टॅब्लेटचं बक्षीस, पहिल्या तिघांना व्हाउचर. ज्या क्षणी पॉइंटला रुपयांची किंमत येते त्या क्षणी फोन भावाच्या हातात जातो. आणि फसवणूक सोडली तरी नुकसान आहेच. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी मुळात चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं समोर ठेवली तेव्हा कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी त्यांच्याशी घालवलेला वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्माच होता. यात एक बारकावा आहे : न सांगता दिलेल्या बक्षिसाने आवड घटली नाही. त्यामुळे शाबासकी द्यायची असेल तर अचानक द्या, दरपत्रक लावू नका. ज्याला विषय मुळातच आवडत नाही त्याला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ठरलेल्या पॉइंटांनी हात मिळतो, हेही खरं. गणित आवडणाऱ्या मुलाला गणिताचे पॉइंट देणं मात्र निव्वळ तोटा.

लीडरबोर्डबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या पाचांत चुरस लागते, उरलेले पंचावन्न महिन्याभरात ते पान उघडणं सोडतात. शिवाय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत असं म्हटलं आहे. त्याच सूचनांमध्ये साप्ताहिक सुट्टी द्यावी, आणि त्या त्या भागातल्या मोठ्या सणांना मुलांना घरच्यांसोबत राहता येईल अशी रजा द्यावी, असंही आहे. तुम्ही रविवारी क्लास बंद ठेवता, गणपतीत सुट्टी देता, आणि खिशातलं अ‍ॅप रविवारीही ‘ज्वाळा विझतेय’ म्हणून हाका मारतं. दाराला कुलूप आहे, पण सुट्टी नाही. सातपैकी पाचच्या नियमाने हाही प्रश्न सुटतो.

त्या हाकांबद्दल एवढंच. रात्री साडेनऊला ‘स्ट्रीक तुटणार!’ पाठवलं की पावणेबाराला झुंबड उडते आणि तो अभ्यास अभ्यास नसतो. आठवण दिवसातून एकदाच, मुलाने स्वतः निवडलेल्या वेळी. क्लासहून घरी आल्यावर, चहा झाल्यावर, असं रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून निवडलेली वेळ उत्तम. सलग तीन खाडे पडले तर आठवण बंद. परत आल्यावर रडणारा कार्टून नको. ‘तीन सोपे प्रश्न आहेत, करायचे का?’ एवढंच पुरे.

हे सगळं बिघडतंय की नाही ते ओळखायला मोठा अहवाल लागत नाही. करून देणाऱ्यांकडून तीन गोष्टी मागा. पहिली, मुलं किती वाजता आणि किती मिनिटं बसली याचा साधा आलेख. उंबरठा बारा मिनिटांचा असेल आणि बारा-तेरा मिनिटांवर उंच टेकडी दिसत असेल, किंवा दिवस संपायच्या आधीच्या वीस मिनिटांत गर्दी असेल, तर मुलं आकडा भरतायत. दुसरी, एका प्रश्नावर लागणारा वेळ. चार ओळींचा प्रश्न पाच सेकंदांत सुटत असेल तर तो वाचलेला नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, पहिला मोठा खाडा पडल्यानंतर तीन दिवसांत किती मुलं परत आली. दहापैकी आठ येत असतील तर नियम माणुसकीचा आहे. तीनच येत असतील तर तुमचं अ‍ॅप सुट्टीवर गेलेल्या मुलांना हाकलून देतंय. याखेरीज दर पंधरवड्याच्या कागदावरच्या चाचणीचे गुण आणि त्याच पंधरवड्याचे पॉइंट शेजारी मांडा. पॉइंट चढतायत आणि गुण जागेवर आहेत असं दोनदा दिसलं तर पॉइंटांचा नियम बदला, मुलांना बोल लावू नका.

स्ट्रीक काढली तर सगळं कोसळेल अशी भीती दाखवतील. गिटहबवर जगभरातले प्रोग्रामर काम करतात. गिटहबने मे २०१६ मध्ये त्यांच्या प्रोफाइलवरचा स्ट्रीकचा आकडा काढून टाकला. पुढे संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या. लांबलचक साखळ्या कमी झाल्या, शनिवार-रविवारचं काम कमी झालं, आणि दिवसभरात जेमतेम एकच नोंद करून सोडून देण्याचे दिवसही घटले. म्हणजे त्यातलं काही काम निव्वळ आकड्यासाठीच होत होतं.

सही करण्याआधी चार फोनांवर स्वतः तपासा, एका आठवड्याचं काम आहे. एका फोनवर रात्री ११:५० ते १२:१० अभ्यास करा आणि तो एकच दिवस मोजला जातो का बघा. दुसऱ्यावर सलग तीन दिवस पहाटे ५:४५, ५:१० आणि ५:४० ला बसा. तिसरा दोन दिवस विमान मोडवर ठेवून अभ्यास करा, मग नेट चालू करा. चौथ्यावर तारीख दोन दिवस मागे न्या आणि अ‍ॅप फसतं का पाहा.

ज्यांचं अ‍ॅप आधीपासून चालू आहे त्यांच्यासाठी शेवटचं. नवा नियम लावताना जुने आकडे पुसू नका. कुणाची स्ट्रीक १४० असेल तर ती ‘एकूण १४० दिवस’ म्हणून तशीच पुढे न्या. आधीची एखादी ८० ची तुटलेली साखळी जुन्या नोंदींत सापडली तर तीही जोडा, आकडा २२० होऊ दे. बदल सोमवारी लावा, म्हणजे कुणाचा अर्धा आठवडा जुन्या नियमात आणि अर्धा नव्यात अडकणार नाही. तो सोमवार प्रॅक्टिकलच्या किंवा प्रिलिमच्या आदल्या आठवड्यातला नसावा. आणि नोटिफिकेशन पाठवण्याआधी वर्गात तोंडाने सांगा. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आहे तो मुलगा आधी विचारेल, ‘सर, माझी ज्वाळा कुठे गेली?’ त्याचं उत्तर तुमच्यापाशी तयार असू द्या.

कळावे,
अभ्यासाच्या अ‍ॅपचे नियम लिहिणारे आणि तपासणारे काही जण
ठाणे व ऐरोली